जमिनीखालचे सात फूट

मी तापट माणूस आहे. हे ठाण्यात सगळ्यांना ठाऊक आहे, बायकोला तर फारच. पण ज्या दिवशी खरं तापायला हवं होतं, टेबलावर मूठ आपटून "साहेब, चूक माझी" असं म्हणायला हवं होतं, त्या दिवशी मी मूग गिळून बसलो. बसलोही नाही म्हणा, उभा होतो, आणि दोन शब्द बोललोही. त्या दोन शब्दांचीच ही गोष्ट आहे.

तेव्हा मी रेल्वेत ओव्हरसियर होतो, कच्चा. म्हणजे काम चांगलं दिसलं तर नोकरी पक्की, नाहीतर घरी जा. पुण्याहून शिकून आलेलो, त्यामुळे डोक्यात गणित आणि कानात वारं. कल्याणच्या पलीकडे, नदीच्या उंच काठावर एका पुलाच्या टोकाचा दगडी पाया घालायचा होता आणि तिथलं काम माझ्या अंगावर होतं. जागा सगळी रेतीची. नदीने कोण जाणे किती वर्षांपूर्वी टाकलेली ती रेतीची गादी, उन्हाने आतपर्यंत वाळलेली. पाणी कुठवर आहे ते बघायला आम्ही एक आड खणला, तर वीस फुटांपर्यंत नुसती कोरडी रेती, ओलाव्याचा पत्ता नाही.

पायासाठी सात फूट खोल खड्डा हवा होता. कोरड्या रेतीत खड्डा म्हणजे आयुष्यभराचं काम, जितकी काढाल तितकी आत ओघळते. म्हणून एका बाजूला फळ्यांची भिंत ठोकायची असं ठरलं. सागाच्या जाड फळ्या, कडेला खोबण, एक दुसरीत बसणारी, टोकाला लोखंडी टोपी. आधी त्या शेजारी शेजारी जमिनीत उभ्या ठोकायच्या, मग पुढची रेती काढायची. फळ्या मागची रेती धरून ठेवणार आणि गवंडी खाली निर्धास्त काम करणार.

आता फळ्यांना कोण धरणार? एरवी मागे लोखंडी सळईने बांधतात, नाहीतर पुढून टेकू देतात. मागे सळई टाकायची तर शेजाऱ्याचं शेत खणावं लागलं असतं, आणि त्याने हातात विळा घेऊनच आम्हाला नाही म्हटलं होतं. पुढून टेकू द्यायचे तर दगड उतरवायच्या यारीला फिरायला जागा उरत नव्हती. तेव्हा फळी जमिनीत जेवढी रुतेल तेवढाच तिचा आधार. सगळा खेळ त्या न दिसणाऱ्या भागावर.

ठोकायला ठाण्याच्या कोळीवाड्यातली टोळी बोलावली होती. खाडीत जाळी बांधायला हे लोक चाळीस चाळीस फुटी खांब चिखलात उभे करतात, भरती-ओहोटीला टिकवतात. त्यांचा म्होरक्या पन्नाशीचा होता. त्याची होडी होती, म्हणून सगळे त्याला नाखवा म्हणत. मीही नाखवाच म्हणायचो, पण एकेरीत. माझ्या वडिलांच्या वयाचा माणूस आणि मी त्याला "अरे नाखवा, इकडे ये" करायचो. तेव्हा तशीच रीत होती, आणि रीत होती म्हणून मला आज कमी लाज वाटते असं नाही.

पहिल्याच दिवशी त्याने विचारलं, "रावसाहेब, भिंत वर किती रानार?"

"खड्ड्याच्या तळापासून सात फूट."

"मंग खाली सारेधा फूट घाला. जेवरा वर तेवरा खाली, आन त्याच्यावर आर्धा. आमचा बापूस आसाच घालायचा."

साडेदहा फूट! मला हसू आलं. कारण साहेबाने नकाशाबरोबर जो कागद पाठवला होता त्यातही हेच लिहिलेलं होतं: उंचीच्या दीडपट जमिनीत. म्हणजे गोरा साहेब आणि कोळी नाखवा, दोघेही ठोकताळ्याने चालणारे. गणित फक्त मला येत होतं.

माझं गणित असं. कोरड्या रेतीचा ढीग घातला आणि उतार मोजला. एक फूट उंचीला पावणेदोन फूट पसारा. त्यावरून रेतीचं घर्षण कळतं. त्या घर्षणाच्या रेतीत मागचा दाब वरच्या वजनाच्या एक तृतीयांश येतो, आणि भिंत समोरच्या रेतीवर रेटली की समोरची रेती तिप्पट विरोध करते. खोल जावं तसे दोन्ही वाढतात. मागची रेती पार वरपासून फळीच्या टोकापर्यंत ढकलते, समोरची फक्त खड्ड्याच्या तळापासून खाली. दोन्हींचा जोर फळीच्या टोकाभोवती तोलून पाहिला तेव्हा साडेसहा फुटांना तराजू बरोबर झाला. मी सात ठरवले. अर्धा फूट उदारपणे जास्त दिला, बघा!

साडेसहा म्हणजे पडायच्या काठावरचा आकडा, हे मला कळायला हवं होतं. तराजू बरोबर झाला म्हणजे वर माशी बसली तरी तो कलतो. शिवाय टोकाला फळी उलट मागे लाथ मारते, तिथे मागच्या रेतीने तिला अडवायला आणखी खोली लागते, आणि ती मी धरलीच नव्हती. पण अति शहाणा त्याचा बैल रिकामा. माझ्या डोळ्यांपुढे वेगळंच होतं. काम पुरं झालं की साहेबापुढे कागद ठेवायचा, "दीडपट लागत नाही साहेब, एकपटीत भागलं, हे पाहा गणित." मग नोकरी पक्की व्हायला कितीसा वेळ?

आणखी एक गोष्ट होती. साडेदहा फूट खाली घालायचे तर एकोणीस फुटी फळ्या हव्या होत्या. त्या ठाण्याच्या वखारीत होत्या, पण खाडीतून होडीने यायला पंधरा दिवस लागले असते. पंधरा फुटी मी आधीच मागवून ठेवल्या होत्या, त्या जागेवर हजर होत्या. घणाने ठोकताना फळीचं डोकं ठेचून फुटतं, ते फूटभर कापून टाकावं लागतं. राहिले चौदा. सात खड्ड्याच्या तळाच्या वर, सात खाली. सगळं कसं जुळून आल्यासारखं वाटलं.

नाखवाला मी सांगितलं, "सातच फूट घालायचे."

तो कपाळाला हात लावून उभा राहिला. मग वाकून त्याने एक काठी रेतीत खुपसली, जेवढी वर तेवढीच खाली, आणि वरून बोटाने ढकलली. काठी जरा कलून थांबली.

"थांबली की," मी म्हणालो.

"थांबली." मग त्याने काठीच्या बुडाशी, ढकलतो त्याच्या समोरून, दोन चिमटी रेती काढली. परत बोट लावलं. काठी आडवी.

"आर्धा त्याच्यासाठी रं ठेवायचा, रावसाहेब. खारीत भरतीचा पानी बुराशी खनतं. जमिनीवर पानी नाय, तर मानूस खनतो. बुराशी कोनतरी खनतोच."

मी म्हणालो, "इथे माझ्या हुकुमाशिवाय कुणी चमचाभर रेती हलवणार नाही." आणि खरंच, हलवली ती माझ्याच हुकुमाने.

फळ्या ठोकायला तेरा दिवस लागले. तिवईवरून दोरांनी उचललेला घण, आठ गडी दोर ओढणारे आणि नाखवा बाजूला उभा राहून सूर धरणारा. घण पडला की रेती धपकन दबायची, फळी दोन बोटं खाली जायची. त्याची एक रीत होती. प्रत्येक फळीवर टोकापासून दर फुटाला तो कुऱ्हाडीने खाच मारायचा, म्हणजे वरून खाचा मोजल्या की खाली किती गेली ते कळायचं. एकही फळी जमिनीत चौदा फुटांच्या, म्हणजे होणाऱ्या तळाखाली सात फुटांच्या, आत थांबली नाही, दोन तर सव्वासात गेल्या. डोकी करवतीने कापायला मीच सांगितलं, वर आडवी तुळई सपाट बसावी म्हणून. कापलेले फूटफूटभराचे ठोकळे नाखवाने मागितले. "न्या," म्हटलं, "चुलीत घाला."

मग पुढची रेती काढली. खड्डा सात फूट झाला तेव्हा नाखवाने खाली उतरून तळाच्या पातळीला सगळ्या फळ्यांवर डांबराची एक काळी रेघ ओढली आणि गवंड्यांना दम भरला, "ह्या रेगंच्या खाली कोनी फावरा लावायचा नाय. लावलात त तुमचा मढा मीच उचलीन." गवंडी हसले. त्याने तुळईला एक ओळंबाही टांगला आणि ओळंब्याच्या टोकाखाली जमिनीत खिळा मारला. रोज सकाळी तो येऊन त्याकडे बघून जायचा. भिंत बोटभर पुढे झुकली आणि तिथे थांबली. बोटभर झुकणारच, झुकल्याशिवाय समोरची रेती विरोधाला उभी राहत नाही. मला तर ती बोटभर झुकलेली भिंत बघून आपण सर्वज्ञ असल्यासारखं वाटत होतं.

चैत्र लागला. ऊन असं की दगडाला हात लागत नव्हता. गवंड्यांचा मुकादम येऊन म्हणाला, भिंतीच्या कडेला तळ पोकळ लागतोय, पहिला थर बसत नाही, दीड फूट आणखी खाली जाऊन मग दगड घालतो. चर अरुंदच, भिंतीला लागून.

साहेब चार दिवसांनी पाहणीला येणार होता. पहिला थर दिसायलाच हवा होता. मी विचारलं, "किती वेळ उघडा राहील चर?"

"दोन दिस."

"खण," मी म्हणालो.

त्या वेळी माझ्या डोक्यात फक्त दीड फूट होतं. दीड फुटाने काय होतंय? अरे पण, भिंतीच्या बुडाशी दीड फूट खणलं म्हणजे वरची उंची दीड फुटाने वाढली आणि रुतलेला भाग दीड फुटाने कमी झाला. साडेआठ वर आणि साडेपाच खाली. एकाच फावड्याने दोन्ही बाजूंनी मारलं. माझ्याच गणिताने साडेआठ फूट धरायला आठ फूट रुतलेले हवे होते, तेही पडायच्या काठावर. गणित माझ्या खिशात होतं. मी ते परत उघडलंच नाही. साडेदहा घातले असते तर खणूनही नऊ उरले असते. नाखवाचा तो अर्धा तेवढ्याचसाठी होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तंबूत रिपोर्ट लिहीत होतो. नाखवा आला. पागोटं हातात.

"रावसाहेब, ओलंबा खिल्याच्या फुरं चार बोटं गेला. रेगंखाली खनलंय."

"मी सांगितलंय खणायला."

"मान्सं वर काढा."

"दुपारी थर बसतोय. बसला की चर बुजला."

"दुपारी नाय. आता. मागं जमीन फाटलीय, भिंतीला धरून लांब भेग परलीय. रेती खाली बसाय लागलीय."

मी वैतागलो. मी तापट आहे हे सांगितलंच. "नाखवा, तू तुझे खांब बघ, माझी भिंत मला बघू दे!" असं ओरडलो, टोळीतल्या दोघांनी ऐकलं. तो गेला. पण तो खड्ड्याकडे गेला, हे मला मागाहून कळलं. माझा हुकूम नव्हता तरी त्याने आरडाओरडा करून गवंड्यांना वर घेतलं. आठांपैकी सात वर आले. आठवा चरात दगड बसवत होता. "एवढा ठोकून येतो" म्हणाला.

मी तंबूतून आवाज ऐकला. मोठा नाही. पोतं फाडल्यावर धान्य सांडतं तसा. मी धावत गेलो तेव्हा भिंत पुढे आडवी झालेली, फळ्यांची टोकं मागून रेती उखडत वर आलेली, आणि कोरडी रेती अजून तिच्यावरून घरंगळत होती. फळी एकही मोडली नव्हती. मोडली असती तर लाकडाला दोष देता आला असता. ती आख्खीच्या आख्खी बुडातून उलटली होती.

गवंडी कमरेपर्यंत गाडला गेला होता. काढायला रेती उपसावी तर वरची आणखी येत होती. माझी पाचावर धारण बसली, मी नुसता "काढा, काढा" करत उभा. नाखवाने एक फळी आडवी धरून वरून येणारी रेती अडवली, पाठीने रेटा दिला आणि त्याच्या गड्यांनी हातांनी उपसून त्या माणसाला बाहेर ओढलं. जीव वाचला. डावा पाय घोट्यापासून वाकडा झाला तो कायमचा. पुढे मी त्याला कल्याणच्या बाजारात काठी टेकत चालताना बघायचो आणि दुसऱ्या गल्लीने जायचो.

साहेब चौथ्या दिवशी आला तोवर चर रेतीने भरून गेला होता. खणला होता याची खूण उरली नव्हती. डांबराची रेघ उलटलेल्या फळ्यांखाली गाडली गेलेली. वर दिसत होत्या फक्त आडव्या पडलेल्या फळ्या. साहेबाने एक मोजली. चौदा फूट. त्याच्या कागदाप्रमाणे साडेसतरा हवी. मग त्याने डोक्याकडचं ताजं कापलेलं लाकूड पाहिलं.

आम्ही चौघं तिथे उभे. साहेब, मी, आणि चार पावलांवर नाखवा व त्याचा एक गडी. साहेबाने मला इंग्रजीत विचारलं, "या फळ्यांची डोकी कापली होती का?"

मी म्हणालो, "हो साहेब. कापली होती."

खरं होतं ते. पूर्ण खरं. डोकी कापली होती. फूटभर कापली होती, माझ्या हुकमाने कापली होती, एवढंच म्हणायचं राहिलं. साहेब समजला ते असं: एकोणीस फुटी फळ्या दिल्या, रेतीत जाईनात म्हणून या लोकांनी वरून चार-पाच फूट कापून टाकल्या आणि पुऱ्या ठोकल्याचं दाखवलं. अशी लबाडी दुसरीकडे होते, त्याने पूर्वी पाहिली होती. तो मान हलवत म्हणाला, "मला वाटलंच." आणि मी ते वाटू दिलं. फळ्या पंधरा फुटीच मागवल्या होत्या, तो मागणीचा कागद माझ्याच पेटीत होता. साहेबाने तो मागितला नाही.

साहेब घोड्यावर बसून गेला. नाखवा जवळ आला.

"काय बोलला साब?"

"काही नाही," मी म्हणालो. "नंतर सांगतो."

नंतर त्याला शिपायाने सांगितलं. त्याला आणि त्याच्या टोळीला रेल्वेच्या कामावर पुन्हा घ्यायचं नाही, ठाण्यापासून वर घाटापर्यंत कुठेही. मी दोन महिन्यांनी पक्का झालो. साहेबाने लिहिलं की ओव्हरसियर तरुण आहे, प्रामाणिक आहे, टोळीने फसवला. चोर सोडून संन्याशाला फाशी, ही म्हण मी लहानपणापासून ऐकत होतो. त्यातला चोर रोज आरशात दाढी करताना दिसेल असं वाटलं नव्हतं.

पुढे मी अशा भिंती पुष्कळ बांधल्या. प्रत्येक नकाशावर माझ्या हाताने लिहिलं, उंचीच्या दीडपट जमिनीत आणि बुडाशी खणण्यास मनाई. हाताखालची पोरं विचारायची, "एवढं कशाला, गणित तर कमी सांगतं?" मी म्हणायचो, "बुडाशी कोणीतरी खणतोच." त्यांना वाटायचं किती अनुभवाचं बोलतात. हे कुणाचं वाक्य, ते मी एकदाही सांगितलं नाही. म्हणजे शब्दही चोरले.

चौदा-पंधरा वर्षं गेली. मी ठाण्यातच घर केलं होतं. कोळीवाडा काही लांब नाही, बाजारातून उतरलं की खाडी. पण माणूस आपल्याच गावात किती वळसे घालू शकतो ते मला विचारा. शेवटी एका दुपारी, कशाने कोण जाणे, पाय तिकडे वळले. सुकवायला घातलेल्या बोंबलांच्या ओळींतून वाट काढत गेलो. बायका बघत होत्या, हा पगडीवाला इकडे कुठे?

नाखवा ओट्यावर जाळं विणत बसला होता. डोळे गेल्यासारखे झाले होते, बोटांनीच गाठी शोधत होता. मी समोर उभा राहून "नाखवा" म्हटलं. त्याने मान वर केली, आवाज ऐकला आणि ओळखलं.

"रावसाब? ये. बस." घरात हाक मारली, "आगो, पाट आन."

त्याच्या बायकोने पाट आणून टाकला. फूटभर लांब, जाड, सागाचा. खाली दोन पट्ट्या ठोकलेल्या. एका कडेला घणाने ठेचल्याच्या खुणा, दुसरी कड करवतीने साफ कापलेली. मी उभाच राहिलो. मग आत नजर गेली. भिंतीला टेकवून तसेच आणखी रचून ठेवलेले.

"चुलीत नाय घातले," तो म्हणाला. "त्या टायमाला यातला एक घेऊन साबाच्या बंगल्यावर गेल्तो. म्हटला दाखवावा, बग बाबा, एवराच कापला, फूटभर. दारावरच्या शिपायानी आत नाय सोरला. तीन येला गेलो. मंग पाट केले. लगीनकार्याला गावात कामाला येतात."

मी म्हणालो, "नाखवा, तुम्हाला माहीत होतं? आम्ही तर इंग्रजीत बोललो."

"इंग्रजी मना कुठं येतं." त्याने जाळं बाजूला ठेवलं आणि उजवा हात हवेत पुढे-मागे केला, करवत चालवतात तसा. "तू बोलताना हात आसा केलास. साबाला दाखवाया. तवाच समाजलो."

मी हात केला होता. मला आठवतही नव्हतं. पण केला असणार, मी हातवारे केल्याशिवाय बोलत नाही.

मग मात्र मी सगळं सांगितलं. साडेसहाचं गणित, पंधरा फुटी फळ्या, चर, मागणीचा कागद. सांगताना रडलो, त्यात काही मोठेपणा नाही. संपल्यावर तो म्हणाला, "मना सांगून काय? मना ठावं हाय. ते आठ गरी होते ना माजे, त्यांतले पाच आजून हायत, हितंच, फुरल्या आळीत. त्यांच्या पोरांना सगला कोलीवारा आजून फली-चोर बोलतो. चल, त्यांच्याफुरं सांग. एवरा सांगितलास तसाच."

पुढची आळी म्हणजे वीस पावलं. दुपार होती, माणसं घरीच होती. मी उठलो. रस्त्याकडे पाहिलं. बोंबलांच्या ओळींपाशी तीन-चार माणसं उभी राहून आमच्याकडेच बघत होती. त्यांत ठाण्याच्या कचेरीतला एक पट्टेवालाही होता, मला ओळखणारा.

मी म्हणालो, "नाखवा, आज नको. नंतर येतो. नक्की येतो."

त्याने पाट चाचपून उचलला आणि परत भिंतीला लावून ठेवला. "बरा," म्हणाला. रागावून नाही. हे "नंतर" त्याला ठाऊकच होतं, अशा आवाजात म्हणाला. तोच आवाज मला अजून ऐकू येतो. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं हो!

मी तीन महिने रोज जाईन जाईन म्हणत राहिलो. नारळीपौर्णिमेच्या आधी चार दिवस नाखवा गेला, हे मला बाजारात मासळी घेताना कळलं. विकणारी त्याच आळीतली होती.

आता पेन्शन घेऊन बसलोय. साहेब विलायतेला गेला तो गेला. रिपोर्टात काय लिहिलंय ते कोण बघतोय? पण कोळीवाड्यातली पोरं आता शाळेत जातात, मराठी वाचतात. त्यांच्यासाठी लिहितोय, आणि या वेळी मराठीत लिहितोय. फळ्या सात फूटच घालायला मी सांगितलं होतं. नाखवाने साडेदहा सांगितले होते. फळ्या पंधरा फुटी होत्या, मी मागवलेल्या. त्या एकूण एक तळाखाली सात फूट गेल्या होत्या. चर मी खणायला लावला. डोकी फूटभरच कापली होती, तीही माझ्या हुकमाने. ठोकळे अजून असतील. मोजून बघा.